चूक कुणी केली नव्हे, चूक घडली कशी? 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' असं लिहितात

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब या कंपनीचा एक इंजिनिअर खरं तर काम आटोपून कॉम्प्युटर बंद करण्याच्या बेतात होता. तेवढ्यात डेटाबेसमध्ये एक अडचण आली, म्हणून तो थांबला. दुरुस्तीचा एक भाग म्हणून त्याला एका सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं. त्याने कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांतच त्याच्या लक्षात आलं की ही कमांड भलत्याच सर्व्हरवर चालतेय. त्याने ती लगेच थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबी डेटापैकी जेमतेम ४.५ जीबी शिल्लक राहिला होता.

भारतात तेव्हा १ फेब्रुवारीचे पहाटेचे पाच वाजले होते. जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड ठेवण्यासाठी वापरतात ती GitLab.com ही वेबसाइट त्यानंतर सुमारे १८ तास बंद होती.

आता कल्पना करा, या घटनेचा अहवाल तुम्हाला लिहायचा आहे. सगळ्यात सोपं वाक्य कोणतं? 'इंजिनिअरने निष्काळजीपणे मुख्य डेटाबेस डिलीट केला.' हे वाक्य लिहून एकाला नोटीस दिली की फाइल बंद.

गिटलॅबने तसं केलं नाही. त्या इंजिनिअरला कामावरून काढणार नाही, हे कंपनीने तेव्हाच स्पष्ट केलं. काही दिवसांनी त्यांनी सविस्तर अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. आयटी क्षेत्रात तो आजही उदाहरण म्हणून दाखवला जातो. अशा अहवालाला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. तो कसा लिहितात आणि त्यात कुणावर ठपका का ठेवत नाहीत, हे याच घटनेतून समजून घेऊ.

पोस्टमॉर्टेम म्हणजे नेमकं काय?

वेबसाइट बंद पडली, पेमेंट अडकले, डेटा गेला, अशी मोठी घटना घडून गेल्यावर टीम एकत्र बसते आणि एक लेखी आढावा तयार करते. आयटीच्या भाषेत त्यालाच पोस्टमॉर्टेम किंवा 'पोस्ट-इन्सिडन्ट रिव्ह्यू' म्हणतात. त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: काय आणि कधी घडलं याची टाइमलाइन, ते का घडलं याचं मूळ कारण, आणि पुन्हा घडू नये म्हणून करायच्या कामांची यादी.

'ब्लेमलेस', म्हणजे ठपका न ठेवणारा, हा शब्द रूढ होण्यात एट्सी या अमेरिकी शॉपिंग वेबसाइटचा मोठा वाटा आहे. तिथले तंत्रज्ञान विभागातले वरिष्ठ अधिकारी जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये यावर एक लेख लिहिला आणि तो सगळीकडे पोहोचला. पुढे २०१६ मध्ये गूगलने आपल्या सिस्टीम कशा चालवल्या जातात यावर पुस्तक काढलं, त्यातही या पद्धतीवर स्वतंत्र प्रकरण आहे.

विमान वाहतुकीत मात्र हा विचार याहून बराच जुना आहे. विमान अपघातांच्या तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की, तपासाचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा नाही. भारताच्या विमान अपघात तपास ब्युरोच्या अहवालांतही सुरुवातीलाच हे नमूद केलेलं असतं.

यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. खरं सांगितल्यावर शिक्षा होणार असेल, तर माणूस खरं सांगत नाही. तो मोघम बोलतो, अर्धं सांगतो. आणि घटनेच्या वेळी समोर काय दिसत होतं, मनात काय चाललं होतं, ही माहिती फक्त त्याच माणसाकडे असते. तीच मिळाली नाही, तर अहवालात लिहिणार काय?

त्या रात्री काय घडलं?

आधी थोडी पार्श्वभूमी. गिटलॅबकडे तेव्हा डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. एक मुख्य, ज्यावर वेबसाइट चालायची. दुसरा राखीव. मुख्य सर्व्हरवर होणारा प्रत्येक बदल राखीव सर्व्हरवर उतरत राहायचा. मुख्य बंद पडला तर राखीव पुढे करायचा, अशी ही व्यवस्था. त्यांची नावं अशी होती:

```
db1.cluster.gitlab.com   (मुख्य)
db2.cluster.gitlab.com   (राखीव)
```

नावं नीट पाहा. फरक फक्त एका आकड्याचा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

पायरी पहिली: टाइमलाइन

टाइमलाइन लिहिण्याचा पहिला नियम म्हणजे सगळ्या वेळा एकाच घड्याळाच्या. टीम वेगवेगळ्या देशांत बसलेली असते, म्हणून बहुतेक ठिकाणी यूटीसी ही जागतिक वेळ वापरतात. भारतीय वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. अंदाजे वेळ असेल, तर 'सुमारे' असं स्पष्ट लिहितात. या वेळा आठवणीतून काढत नाहीत. सर्व्हरचे लॉग, चॅटमधले मेसेज आणि अलर्ट यांवरून त्या जुळवतात. गिटलॅबच्या घटनेची टाइमलाइन थोडक्यात अशी आहे (वेळा यूटीसी):

- सुमारे १७:२० – एका इंजिनिअरला चाचणीसाठी डेटाबेसची ताजी प्रत हवी होती. त्याने मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची हुबेहूब प्रत घेतली आणि ती चाचणीच्या सर्व्हरवर ठेवली. हे काम रोज एकदा आपोआप व्हायचं. त्या दिवशी ते वेगळं, हाताने केलं गेलं.
- सुमारे १९:०० – डेटाबेसवरचा ताण वाढला. स्पॅममुळे असावा, असा अंदाज होता.
- सुमारे २३:०० – ताणामुळे राखीव सर्व्हर मागे पडला. त्याला हव्या असलेल्या बदलांच्या नोंदी मुख्य सर्व्हरने तोवर पुसून टाकल्या होत्या. त्यामुळे दोघांमधला दुवाच तुटला. आता राखीव सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करून मुख्यवरून सगळा डेटा नव्याने कॉपी करणं भाग होतं.
- त्यानंतर – राखीव सर्व्हर रिकामा केला. कॉपी करणारी `pg_basebackup` ही कमांड दिली, पण ती काहीच न दाखवता नुसती थांबून राहिली. सेटिंग बदलून पुन्हा प्रयत्न झाले. तरी तेच.
- सुमारे २३:३० – आधीच्या फसलेल्या प्रयत्नांमुळे फोल्डरमध्ये काही फाइल राहिल्या असतील आणि म्हणून कमांड अडत असेल, असं इंजिनिअरला वाटलं. त्याने फोल्डर पुन्हा रिकामं करायची कमांड दिली. ती `db2` ऐवजी `db1` वर चालली.

शेवटची नोंद पुन्हा वाचा. त्यात 'काय केलं' याबरोबर 'त्या वेळी काय वाटलं' हेसुद्धा आहे. चांगल्या टाइमलाइनची ही खूण आहे. नुसतं '२३:३०, डेटाबेस डिलीट झाला' एवढंच लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याला तो शुद्ध वेडेपणा वाटला असता. मागच्या नोंदींसह वाचलं की कळतं, त्या माणसाच्या दृष्टीने तो एका रिकाम्याच सर्व्हरवरचा उरलासुरला कचरा साफ करत होता.

आणखी एक. ती कमांड अडकली नव्हतीच! मुख्य सर्व्हरकडून डेटा यायला सुरुवात होईपर्यंत ती गुपचूप वाट पाहते, हे तिचं नेहमीचं वागणं आहे. पण हे ना कंपनीच्या अंतर्गत सूचनांमध्ये नीट लिहिलं होतं, ना त्या कमांडच्या अधिकृत माहितीपत्रकात.

टाइमलाइनमध्ये एक चूक हमखास होते. 'त्याने सर्व्हरचं नाव तपासायला हवं होतं', 'तिने आधी सीनियरला विचारायला हवं होतं', अशी वाक्यं त्यात घुसतात. ही वाक्यं न घडलेल्या गोष्टींबद्दल असतात. टाइमलाइन घडलेल्या गोष्टींची असते. शेवट माहीत झाल्यावर सगळ्यांनाच योग्य रस्ता दिसतो. २३:२९ ला तो कुणालाच दिसत नव्हता. म्हणून लिहून झाल्यावर 'हवं होतं' हे दोन शब्द शोधायचे आणि जिथे सापडतील ते वाक्य नव्याने लिहायचं.

पायरी दुसरी: मूळ कारण

इथे गिटलॅबने 'पाच वेळा का विचारा' ही जुनी पद्धत वापरली. ही पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीतून आली आहे. एक उत्तर मिळालं की त्यालाच पुन्हा 'का' विचारायचं. गिटलॅबच्या अहवालातली पहिली साखळी साधारण अशी जाते:

१. वेबसाइट बंद का पडली? मुख्य डेटाबेसचं फोल्डर चुकून डिलीट झालं म्हणून.

२. फोल्डर डिलीट करायची वेळच का आली? दोन सर्व्हरमधला दुवा तुटला होता आणि तो जोडायची प्रक्रिया हाताने करावी लागत होती. ती स्वयंचलित नव्हती आणि नीट लिहूनही ठेवलेली नव्हती.

३. दुवा का तुटला? अचानक ताण वाढला आणि राखीव सर्व्हरने घेण्याआधीच मुख्य सर्व्हरने जुन्या नोंदी पुसल्या.

४. ताण का वाढला? दोन कारणं: स्पॅम, आणि गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं व त्याचा सगळा डेटा डिलीट करणारी एक प्रक्रिया.

५. स्वतःच्याच कर्मचाऱ्याचं खातं डिलीट का होत होतं? कुणा ट्रोलने त्याच्याविरुद्ध गैरवापराची तक्रार केली होती. तक्रारी हाताळायची सिस्टीम अशी होती की, खातं नेमकं कुणाचं आहे हा तपशील सहज नजरेतून सुटायचा.

पहिल्या 'का'ला थांबलो असतो तर हातात एक इंजिनिअर होता. पाचव्याला पोहोचेपर्यंत हाताने करायची प्रक्रिया, अपुरं डॉक्युमेंटेशन, सेटिंगमधली कमतरता आणि तक्रारींची सदोष सिस्टीम, एवढ्या गोष्टी सापडल्या. यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते. 'माणूस चुकतो' हे मात्र दुरुस्त करता येत नाही.

खरा प्रश्न वेगळाच होता

पण या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा भाग दुसराच आहे. गिटलॅबने एकच साखळी काढली नाही. त्यांनी दुसरा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला: डेटा गेला तो गेला, पण परत आणायला १८ तासांहून जास्त वेळ का लागला?

कारण डेटा डिलीट होणं ही एक गोष्ट झाली. बॅकअप असेल तर ती तासाभराची डोकेदुखी असते. गिटलॅबकडे बॅकअपच्या एक नव्हे, अनेक व्यवस्था होत्या. निदान कागदावर तरी.

राखीव सर्व्हर? तो तर दुरुस्तीसाठी आधीच रिकामा केला होता.

रोजचा नियमित बॅकअप? तो ॲमेझॉनच्या क्लाउडवर जमा व्हायला हवा होता. उघडून पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. बॅकअप घेणारं `pg_dump` हे टूल ९.२ आवृत्तीचं चालत होतं आणि डेटाबेस होता ९.६ आवृत्तीचा. आवृत्त्या जुळत नसल्यामुळे बॅकअप दर वेळी फेल होत होता.

मग हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? बॅकअप फेल झाला की ईमेल जाण्याची सोय होती. ईमेल जातही होते. पण ते खरोखर कंपनीकडूनच आलेत हे सिद्ध करणारी तांत्रिक खूण त्यांवर नव्हती, म्हणून ते नाकारले जात होते. धोक्याची घंटा वाजत होती, आवाज कुणापर्यंत पोहोचत नव्हता.

अझ्युर क्लाउडच्या डिस्कचे स्नॅपशॉट? ते फाइल सर्व्हरसाठी सुरू होते, डेटाबेस सर्व्हरसाठी नव्हते. बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत, असा समज होता.

शेवटी कामी आली ती संध्याकाळी चाचणीसाठी घेतलेली प्रत. टाइमलाइनमधली ती १७:२० ची पहिलीच नोंद. ती नसती तर हाताशी असलेली प्रत जवळपास २४ तास जुनी असती. पण चाचणीचा सर्व्हर स्वस्तातल्या, संथ डिस्कवर होता. तिथून डेटा कॉपी व्हायलाच सुमारे १८ तास गेले. लोकांचे कोड सुरक्षित राहिले, पण १७:२० नंतरच्या सुमारे सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नवीन खात्यांना त्याचा फटका बसला.

दुसऱ्या साखळीतला शेवटचा प्रश्न होता: बॅकअप खरंच परत आणता येतो का, हे कधी तपासलं का गेलं नाही? उत्तर: कारण ते काम कुणाचंच नव्हतं. त्याची जबाबदारी कुणाकडे दिलेलीच नव्हती.

इथे मुद्दा स्पष्ट होतो. त्या रात्री कुणाचीही चूक झाली नसती, तरी गिटलॅबकडे चालू बॅकअप नव्हता. डिस्क खराब झाली असती किंवा एखादा हॅकर घुसला असता, तरी परिणाम तोच झाला असता. 'इंजिनिअरने डिलीट केलं' असं म्हणून अहवाल संपवला असता, तर अहवालाने ही गोष्ट विचारातच घेतली नसती.

म्हणून मूळ कारण शोधताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारणं उपयोगी पडतं. हे घडलं का? आधी कळलं का नाही? आणि सावरायला इतका वेळ का लागला? 'मूळ कारण' हा शब्द एकवचनी असला, तरी मोठ्या घटनेत ते क्वचितच एक असतं.

नाव काढलं म्हणजे 'ब्लेमलेस' झालं का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. गिटलॅबने आपल्या नोंदींत नावाऐवजी `team-member-1` असं लिहिलं, ते योग्यच होतं. पण 'टीममधल्या एका सदस्याच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं, तर नाव नसूनही ठपका आहेच. शिवाय छोट्या टीममध्ये तो सदस्य कोण, हे सगळ्यांना माहीत असतं.

फरक वाक्याच्या रचनेत असतो. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा:

> इंजिनिअरने सर्व्हर न तपासता मुख्य डेटाबेस डिलीट केला.

> फोल्डर रिकामं करण्याची कमांड राखीव सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवर चालली. दोन्ही सर्व्हरच्या नावांत एका आकड्याचा फरक आहे आणि काम करताना आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे ठळकपणे दिसत नव्हतं.

दुसऱ्या वाक्यात काहीच लपवलेलं नाही. कमांड चुकीच्या ठिकाणी चालली, हे त्यात स्पष्ट आहे. पण पहिलं वाक्य वाचून फक्त राग येतो, दुसरं वाचून पुढे काय करायचं ते सुचतं.

याउलट, 'डेटाबेस डिलीट झाला' असं नुसतं वाक्य लिहून माणसाला पूर्णपणे गायब करणं हीसुद्धा चूकच. मग निर्णय कसा झाला हेच कळत नाही. माणसाची कृती लिहायची, त्याचा स्वभाव लिहायचा नाही. 'निष्काळजी', 'घाईत', 'अनुभव कमी', 'दुर्लक्ष' हे शब्द दिसले की समजायचं, वर्णन संपलं आणि निकाल सुरू झाला.

शंका वाटली तर एक साधी चाचणी आहे. त्या माणसाच्या जागी तेवढ्याच अनुभवाचा दुसरा माणूस बसवून पाहा. त्याच वेळी, तीच माहिती आणि तोच थकवा असताना त्याच्याकडूनही हे घडू शकलं असतं का? उत्तर 'हो' असेल, तर दुरुस्ती माणसात नाही, व्यवस्थेत करायची आहे.

पायरी तिसरी: पुढची कामं

बहुतेक अहवाल इथे ढेपाळतात. 'यापुढे सर्वांनी काळजी घ्यावी', 'टीमला पुन्हा प्रशिक्षण द्यावं', 'कमांड देण्याआधी दोनदा तपासावं' अशी यादी तयार होते आणि पुढच्या घटनेपर्यंत पडून राहते. यातलं एकही काम 'झालं' म्हणून खूण करता येत नाही. काळजी घेऊन झाली, असं कुणी कधी सांगू शकेल का?

गिटलॅबच्या यादीतली काही कामं पाहा. प्रत्येक काम वरच्या कुठल्या ना कुठल्या 'का'चं उत्तर आहे:

- टर्मिनलवर कमांडच्या आधी दिसणारी ओळ बदलायची, म्हणजे कोणता सर्व्हर आहे आणि तो खरा की चाचणीचा, हे पाहताक्षणी कळेल.
- बॅकअप होतोय की नाही यावर सतत लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवायची. फक्त ईमेलवर विसंबायचं नाही.
- बॅकअपमधून डेटा खरोखर परत येतो का, याची चाचणी आपोआप होत राहील अशी सोय करायची.
- डेटाबेसचे स्नॅपशॉट दिवसातून एकदा घेण्याऐवजी दर तासाला घ्यायचे.
- दुवा तुटल्यास काय करायचं याच्या सूचना सुधारायच्या.
- डेटा सुरक्षित राहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्यायची.

शेवटचं काम मुद्दाम पाहा. ब्लेमलेस पद्धतीत व्यक्तीचं नाव येतच नाही, असं नाही. झालेल्या चुकीपुढे नाव लिहीत नाहीत, पण पुढच्या कामापुढे आवर्जून लिहितात. 'बॅकअप टीम बघेल' याचा अर्थ कुणीच बघणार नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे एकच नाव, एक तारीख आणि 'झालं' हे कशावरून ओळखायचं याची एक ओळ असावी.

उदाहरणार्थ, 'बॅकअप सुधारणे' हे काम नव्हे, इच्छा आहे. 'दर रविवारी कालचा बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर उतरवायचा आणि त्यातल्या नोंदी मोजायच्या, कमी भरल्या तर ड्युटीवरच्या इंजिनिअरला फोन जाईल' हे काम आहे.

यादी लांबलचकही नको. तीस कामं लिहिली तर सगळ्यांत सोपी पाच होतात आणि अवघड तशीच राहतात. कोणती कामं केल्यास हीच घटना पुन्हा घडणार नाही किंवा घडली तरी नुकसान कमी होईल, ती आधी.

मग जबाबदारी कुणाचीच नाही का?

या पद्धतीवर हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर असं की, ब्लेमलेस म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. घटनेत सामील असलेल्या माणसाने काय घडलं ते पूर्ण, खरं सांगणं ही त्याची जबाबदारी. आणि ते ऐकून व्यवस्था बदलणं ही वरिष्ठांची.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कुणी जाणूनबुजून डेटा चोरला, पुरावे मिटवले, नशेत काम केलं, तर तो विषय पोस्टमॉर्टेमचा नाही. त्यासाठी वेगळी चौकशी असते आणि दोन्ही एकत्र करू नयेत. अहवालात मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट वर्षअखेरीच्या अप्रेजलमध्ये एकदा जरी वापरली गेली, तरी पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. मग कागदावर 'ब्लेमलेस' लिहा किंवा न लिहा.

दुसरी मर्यादा 'पाच का'ची. विचारणारा ज्या दिशेने विचारेल, त्याच दिशेची उत्तरं मिळतात. 'त्याने का नाही तपासलं?' असं विचारलं, तर साखळी पुन्हा माणसाशीच येऊन थांबते. म्हणून अनेक टीम 'का' ऐवजी 'कसं' विचारतात: 'त्या वेळी स्क्रीनवर काय दिसत होतं? ही कमांड बरोबर आहे असं कशावरून वाटलं?' अशा प्रश्नांवर माणूस बचाव करत नाही, आठवून सांगतो.

हातासरशी एक साचा

पहिल्यांदा असा अहवाल लिहायचा असेल, तर एवढं पुरेसं आहे:

```
घटना       : एका वाक्यात
परिणाम     : कुणाला, किती वेळ, काय गमावलं
टाइमलाइन   : वेळ | काय घडलं | त्या वेळी काय दिसत/वाटत होतं
कारणं      : घडलं का? उशिरा कळलं का? सावरायला वेळ का लागला?
काय कामी आलं :
पुढची कामं : काम | एक नाव | तारीख | झालं हे कसं ओळखायचं
```

'काय कामी आलं' ही ओळ गाळू नका. गिटलॅबच्या बाबतीत संध्याकाळी सहज घेतलेल्या एका प्रतीने सगळं वाचवलं. तो योगायोग होता, व्यवस्था नव्हती. जे नशिबाने वाचवलं ते पुढच्या वेळी नियमाने वाचवायला हवं, म्हणून ते लिहून ठेवायचं. दर तासाला स्नॅपशॉट घ्यायचं काम गिटलॅबच्या यादीत आलं, त्याचं कारणही हेच.

अहवाल लिहून झाला की शेवटची एक तपासणी करा. ज्याच्या हातून ती कमांड चालली, त्याला तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला द्या. वाचताना त्याची मान खाली जात असेल, तर अहवाल अजून पूर्ण झालेला नाही. आणि वाचता वाचता 'थांबा, इथे अजून एक गोष्ट झाली होती' असं तो म्हणाला, तर ती गोष्ट टाइमलाइनमध्ये टाका. कदाचित अहवालातली सगळ्यात कामाची ओळ तीच ठरेल.